आधी आर्गॉन, मग पोटॅशियम

अणुरचनेवरच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न दिसायला अगदी साधा असतो. आर्गॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१०, मग आवर्तसारणीत आर्गॉन आधी का? आर्गॉनचा अणुअंक १८ आणि पोटॅशियमचा १९ आहे, एवढे लिहिले की गुण मिळतात. पण अणुअंक हा नुसता रांगेतला नंबर नाही, हे कशावरून ठरले? आणि मागच्या नंबरचा अणू जड कसा? खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये मुख्यतः अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. पुढे १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला आणि अडचण उभी राहिली. वजनाचा क्रम पाळला तर पाण्यात पडताच पेटणारे पोटॅशियम राजवायूंच्या घरात जाते आणि कशाशीच सहज संयोग न पावणारा आर्गॉन सोडियमच्या खाली येतो. रसायनशास्त्रज्ञांनी गुणधर्म पाहून दोघांची अदलाबदल केली, पण त्यामागचे कारण त्यांच्याकडे नव्हते.

कारण सापडण्यासाठी आधी अणूचे चित्र बदलावे लागले. थॉमसनच्या १९०४ च्या प्रारूपात धनप्रभार अणुभर पसरलेला होता. गायगर आणि मार्सडन यांनी १९०९ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. बहुतेक कण पार गेले, पण हजारोंतला एखादा उलट फिरला. पसरलेल्या प्रभाराला एवढा जोराचा धक्का देता येणार नाही, म्हणून रदरफोर्डने १९११ मध्ये धनप्रभार इवल्याशा केंद्रकात एकवटला. त्यातही एक दोष राहिला. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारण देत ऊर्जा गमावेल आणि आत कोसळेल, पण प्रत्यक्षात अणू टिकून असतात. बोरने १९१३ मध्ये ठरावीक ऊर्जेच्या कक्षा मानून हायड्रोजनपुरता हा दोष दूर केला. अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूंसमोर मात्र त्याचे गणित अपुरे पडले.

त्याच वर्षी मोजलेने निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना जवळजवळ सारख्या पायरीने वाढत होते. ही पायरी केंद्रकावरच्या धनप्रभाराची, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येची होती. क्लोरीन १७ वर आणि पोटॅशियम १९ वर बसले. मधली एकच जागा आर्गॉनची. वजनाचा इथे संबंधच उरला नाही.

इलेक्ट्रॉन संरूपणाच्या प्रश्नात हेच पोटॅशियम पुन्हा भेटते आणि इथे चूक हमखास होते. तिसऱ्या कवचाची क्षमता 2n² या सूत्राने १८ येते, म्हणून विद्यार्थी २, ८, ९ असे लिहितो. बरोबर उत्तर २, ८, ८, १ आहे. आर्गॉनमध्ये 3p पर्यंतची उपकवचे भरलेली असतात. एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनसाठी 3d पेक्षा 4s ची ऊर्जा कमी पडते, म्हणून संरूपण 1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶ 4s¹ असे होते. तो एकटा बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. पोटॅशियमच्या पेट घेण्याचे मूळ त्यात आहे. तो सुटल्यावर उरलेल्या आयनात आर्गॉनइतकेच १८ इलेक्ट्रॉन असतात, तरी तो आर्गॉन होत नाही, कारण केंद्रकात प्रोटॉन १९ च असतात.

आता वजनाचे कोडे. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये सुमारे ९३.३ टक्के अणू ३९ वस्तुमानांकाचे आणि ६.७ टक्के ४१ चे असतात. सरासरी काढली तर ३९ + २ × ०.०६७, म्हणजे ३९.१३ येते. खरा आकडा ३९.१० आहे, कारण समस्थानिकाचे प्रत्यक्ष वस्तुमान त्याच्या वस्तुमानांकाइतके तंतोतंत नसते. ३९.१० मधून १९ वजा करून २०.१ न्यूट्रॉन लिहिणारा विद्यार्थी ही सरासरीच एखाद्या अणूचे वजन समजतो. न्यूट्रॉन नेहमी एका समस्थानिकाचे मोजायचे: ३९ च्या अणूत २०, ४१ च्या अणूत २२.

आर्गॉनमध्ये मात्र ९९.६ टक्के अणू ४० वस्तुमानांकाचे आहेत, आणि ते बहुतेक सगळे पोटॅशियमचीच देणगी. पोटॅशियमचे तिसरे, किरणोत्सारी समस्थानिक पोटॅशियम-४० जेमतेम ०.०१२ टक्के असते आणि त्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षांचा आहे. त्यातल्या दहातल्या साधारण एका अणूचे केंद्रक स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळते. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, अणुअंक १९ वरून १८ वर उतरतो आणि वस्तुमानांक ४० च राहतो. बाकीचे अणू कॅल्शियम होतात. खडकांत असा जमलेला आर्गॉन अब्जावधी वर्षे हवेत झिरपत आला.

सूर्यावर आर्गॉन-३६ चे प्रमाण सर्वाधिक आहे. पृथ्वीवरचा आर्गॉन तसाच असता तर त्याचे अणुवस्तुमान ३६ च्या आसपास भरले असते आणि ही अदलाबदल कोणाला करावीच लागली नसती.