दारू आणि अंगावरचे चट्टे

गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो. "ताई, घरच्या माणसाच्या कोपरा-गुडघ्यावर खपल्यांचे चट्टे आहेत. दारू प्याला की वाढतात. असं असतं का?"

असतं. बहुतेक वेळा हा सोरायसिस असतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळं ताट-पांघरूण वेगळं करू नका. एरवी आपली कातडी साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच कातडीवर चवताळते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. जुनी कातडी झडायच्या आत नवी वर येते, म्हणून थर साचतात. दारूनं ही चवताळ वाढते. शिवाय पिणाऱ्याची औषधं चुकतात नि झोप मोडते.

रोझेशियाचं कारण वेगळं. दारूनं चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि थोड्याच वेळात गाल-नाक तापतं. सावळ्या रंगावर लाली सहज दिसत नाही. जळजळ आणि पुटकुळ्यांवरून ओळखावं लागतं.

मग कमी केल्यानं फरक पडतो का? रोझेशियात अशी लाली पुन्हा पुन्हा उठणं कमी होतं, पण कायमच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. सोरायसिसला धीर लागतो. आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक रोज एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली, प्यायचे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यांनी दारू सोडली आणि मलम नेमानं लावलं. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता. महिन्यानं खाज कमी झाली, तीन महिन्यांत कोपरं बरीच साफ झाली, गुडघ्यावर थोडं राहिलं. यात मलमाचाही वाटा आहे. दारू सोडल्यानं आजार मुळातून जात नाही, पण औषधाला काम करता येतं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जास्त चट्ट्यांसाठी डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; रोज घेतली तर जिवावर बेतते. आठवड्याचा तो वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. या गोळीवर दारू प्याली की लिव्हरला दुहेरी मार बसतो. म्हणून किती पितात हे डॉक्टरांपासून लपवू नका, आणि रक्ताची तपासणी चुकवू नका.

दुसरं, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" म्हणून अडवू नका. दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, माणूस भ्रमात बडबडतो. असं दिसलं तर रात्र असली तरी 108 ला फोन करा. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आधी दाखवून, औषधाच्या आधारानं दारू सोडवणं हाच सुरक्षित रस्ता आहे.