गळालेल्या ठोक्याच्या आगेमागे

ईसीजीच्या पट्टीवर एखादा ठोका गळालेला दिसला, की नातेवाईक आधी विचारतात, "पेसमेकर बसवावा लागेल का?" उत्तर देण्याआधी त्या ठोक्याच्या आगेमागे नीट मोजावं लागतं.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विद्युतसंदेश पसरला की ईसीजीवर पी ही छोटी लाट उमटते. तो खालच्या कप्प्यांत पोचला की क्यूआरएसचं टोकदार शिखर दिसतं. पी सुरू झाल्यापासून शिखर सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे पीआर अंतर. कागदावरचा बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. निरोगी माणसात हे अंतर ३ ते ५ चौकोन भरतं.

समजा, एका पट्टीवर ते ५ चौकोन आहे, पुढच्या ठोक्याला ७, मग ८. नंतर पी येतो, पण त्यामागे शिखरच नाही. पुढचा ठोका पुन्हा ५ वर. ही वेंकेबाख पद्धत. वेंकेबाख या डच डॉक्टरने १८९९ मध्ये, ईसीजी वापरात येण्याआधी, नाडीच्या आलेखावरून ती ओळखली होती. इथे दोष बहुधा एव्ही नोडमध्ये असतो. गाढ झोपेत किंवा कसलेल्या धावपटूतही असं होतं. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही होतं, म्हणून औषधांची यादी आधी पाहावी. भोवळ, धाप असा त्रास नसेल तर सहसा पेसमेकर लागत नाही.

दुसरी पट्टी पाहा: ४, ४, ४, आणि अचानक ठोका गायब. पुन्हा ४. शिखरही बहुतेकदा ३ चौकोनांहून रुंद. हा मोबित्झचा दुसरा प्रकार. बिघाड नोडच्या खाली, हिसच्या जुडग्यात किंवा त्याच्या फांद्यांत असतो. इथली वाट हळूहळू मंदावत नाही. संदेश जातो, नाहीतर अडतो. ती कधी पूर्ण बंद होईल याचा नेम नसतो, आणि बंद झाल्यावर खालच्या कप्प्यांची स्वतःची लय फार संथ आणि बेभरवशाची असते. म्हणून बरा होण्याजोगा कारणदोष नसेल, तर रुग्णाला काहीच जाणवत नसतानाही पेसमेकर सुचवतात.

चूक होते ती लांबलेल्या वेंकेबाखमध्ये. आठदहा ठोक्यांत अंतर इतकं सावकाश वाढतं, की शेजारचे दोन ठोके सारखेच वाटतात आणि दुसऱ्या प्रकारचा शिक्का बसतो. अशा वेळी गळण्याच्या लगेच आधीचं अंतर आणि लगेच नंतरचं अंतर शेजारी ठेवून मोजावं. नंतरचं आखूड निघालं, तर तो वेंकेबाखच.

एकाआड एक ठोका गळत असेल, तर मात्र ही तुलनाही उपयोगी नाही, कारण वाढ दिसायला सलग दोन ठोकेच मिळत नाहीत. तेव्हा डॉक्टर रुग्णाला देखरेखीखाली चालवतात. नोडमधला अडथळा चालल्यावर बहुधा सुधारतो; खालचा असेल तर नाडी वाढण्याऐवजी आणखी ठोके गळू लागतात.