मल्टिमीटरचा आकडा किती खरा?

डिजिटल मल्टिमीटरच्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टेजसमोर ‘±(०.५% + २ काउंट)’ असं लिहिलेलं असतं. यातले टक्के पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याचे असतात, तर काउंट म्हणजे त्या रेंजमधल्या शेवटच्या अंकाची एक पायरी.

समजा, मीटर ६ व्होल्टच्या रेंजवर आहे आणि शेवटचा अंक ०.००१ व्होल्टचा आहे. त्याला नेमक्या ५ व्होल्टचा संदर्भस्रोत जोडला, तर ०.५ टक्के म्हणजे ०.०२५ व्होल्ट आणि दोन काउंटचे ०.००२. एकूण मुभा ०.०२७ व्होल्ट. म्हणजे वाचन ४.९७३ ते ५.०२७ च्या दरम्यान हवं.

मीटर ६० व्होल्टच्या रेंजवर नेला, की शेवटचा अंक ०.०१ व्होल्टचा होतो. आता दोन काउंटच ०.०२ चे, आणि मुभा ०.०४५ वर जाते. उलट ६ व्होल्टच्या रेंजवर ०.१ व्होल्ट मोजताना टक्क्यांचा वाटा ०.०००५, काउंटचा मात्र ०.००२, एकूण चूक वाचनाच्या अडीच टक्के असू शकते. म्हणून तपासणी रेंजच्या तळाशी आणि माथ्याशी, दोन्हीकडे करावी.

संदर्भस्रोत मीटरपेक्षा किमान चौपट अचूक असावा, असा जुना प्रघात आहे. नवा सेल त्या कामाचा नाही. त्याचा व्होल्टेज ठरलेला नसतो. शिवाय स्रोताचीही थोडी अनिश्चितता असतेच. ती ०.००५ असेल आणि वाचन ५.०२६ आलं, तर मीटर पास की नापास, हे ठामपणे सांगता येत नाही.