पहिलं पाठटाचण
बी.एड.च्या आंतरवासितेतलं पहिलं टाचण बहुधा फुगतं. ३५ मिनिटांत अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, वर तुलनाही! त्यापेक्षा एकच उद्दिष्ट धरावं आणि तेही तपासता येईल असं: ‘विद्यार्थी १/२ + १/३ सोडवून दाखवेल.’ मुलं हमखास २/५ सांगतात. त्यासाठीचा प्रश्न टाचणातच लिहून ठेवावा: अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं? नंतर कागदी पट्टीचे सहा समान भाग करून तीन आणि दोन रंगवायचे, म्हणजे ५/६ दिसतं. पट्ट्या आधी वाटल्या तर सूचना कुणीच ऐकत नाही. म्हणून आधी सूचना, ती एका मुलाकडून वदवून घ्यायची, मगच पट्ट्या. शेवटची ५ मिनिटं एका नव्या गणिताला. वह्यांत पुन्हा छेदांचीच बेरीज दिसली, तर पुढच्या तासिकेचं टाचण बदलावं.