मशीनला सगळे सारखेच! : श्रुतिकेतली थट्टा कशी लिहावी

गटाची श्रुतिका लिहायला बसलो की हिशेबाचा, भांडणाचा प्रसंग आपल्याला पटकन जमतो. अडतं ते दोघं एकमेकांना आवडू लागलेली असतात तिथे. मग आपण असं काहीतरी लिहितो :

दत्ता : सुमन, तुम्ही आलात की चंद्रसुद्धा लाजतो.
सुमन : आणि तुम्ही बोललात की फुलं हसतात.

आता नावांवर हात ठेवा आणि वाक्यं अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडत नाही. म्हणजे ही वाक्यं सुमनची नाहीत आणि दत्ताचीही नाहीत. ती लिहिणारीची आहेत. तमाशातल्या गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी कशी आहेत हे लोकांना आधीच ठाऊक असतं. आपली सुमन कोण, हे मात्र तिच्या बोलण्यातूनच कळायला हवं, कारण रेडिओवर चेहरा दिसत नाही.

म्हणून संवादाआधी प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी लिहून काढू : अभिमान कशाचा, आणि लपवायचं काय. सुमनला आपल्या म्हशीचा अभिमान आहे आणि ती हिशेबाला पक्की आहे. दत्ता आवडतो, हे तिला लपवायचं आहे. दत्ता दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. आपण कुणाला झुकतं माप देत नाही, हा त्याचा अभिमान. सुमन आली की हात अडखळतो, हे त्याला लपवायचं आहे. आता त्यांना त्यांच्या कामातलंच बोलू द्या :

दत्ता : आज फॅट सहा आठ लागली. काल सहा पाच होती. म्हशीला काय खाऊ घातलंत?
सुमन : सरकी. आणि तुमच्या मशीनचा धाक.
दत्ता : मशीनला सगळे सारखेच.
सुमन : सगळे? मग माझंच दूध दोनदा का मोजलंत?
दत्ता : पहिल्यांदा... आकडा नीट दिसला नाही.
सुमन : चष्मा घ्या. आणि पावती जास्त आकड्याची द्या.
दत्ता : दोन्ही वेळा सारखाच आला.
सुमन : मग उद्या एकदाच मोजा. (थांबून) सावकाश मोजलं तरी चालेल.

इथे प्रेम हा शब्द कुठेच नाही. सुमनने दत्ताचा ‘सगळे’ हाच शब्द उचलला आणि त्याला त्याच्याच अभिमानात पकडलं. थट्टा अशीच पुढे जाते : समोरच्याच्या वाक्यातला एक शब्द धरायचा आणि तो जरासा वळवून परत द्यायचा. दत्ताला धड खोटं बोलता येत नाही, यातून तो सरळ माणूस आहे हे कळलं. सुमन हसतानाही पावती विसरत नाही, आणि शेवटच्या वाक्यात तिच्या मनातलं थोडंसं निसटतं. तिथेच थांबायचं. पुढे ‘म्हणजे तुम्हाला मी आवडतो?’ असं लिहिलं, तर ऐकणारीने स्वतः ओळखण्याची गंमत जाते. दोघं अजून ‘तुम्ही’वरच आहेत हेही बघा. एखाद्या भागात सुमनच्या तोंडून पहिल्यांदा ‘तू’ निघेल, तेव्हा त्या एका शब्दाने मोठं काम होईल. तो आधीच खर्च करू नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मशीन दत्ताच्या हातात आहे आणि सुमनच्या दुधाचा पैसा त्या आकड्यावर ठरतो. आपण हसून बोललो नाही तर फॅट कमी लागेल, अशी शंका तिच्या मनात आली तर ती थट्टा राहत नाही. म्हणूनच दोन्ही वेळा आकडा सारखा ठेवला, आणि टोमणा मारण्याची सुरुवात सुमनकडे दिली. ती नुसतं ‘पावती द्या, घरी जायचंय’ म्हणाली, तर दत्ताने पावती द्यावी आणि पुढची किटली घ्यावी. तरीही तो बोलतच राहिला, तर आपण छेडछाड लिहितोय आणि तिला हसण्यावारी नेतोय. खेळ दोघांचा आहे की नाही, हे ओळखायला एकच बघा : दुसरं माणूस चेंडू परत टाकतंय का?

लिहून झालं की दोघींनी मोठ्याने वाचा, मग भूमिका बदलून वाचा. एका दमात न संपणारं वाक्य तोडा. ‘हसते’ असं कंसात लिहावं लागत असेल, तर बहुधा वाक्यच हसरं झालेलं नाही. शेवटी पुन्हा नावं झाका. ‘सरकी’ कोण म्हणालं आणि ‘आकडा दिसला नाही’ कोण, हे तिसरीने न बघता सांगितलं, तर तुमचा संवाद रेकॉर्डिंगला तयार आहे.