भरलेली बॅटरी आणि जबल हफीतचा उतार

इलेक्ट्रिक गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की ती आपोआप मंदावते, याची सवय तुम्हाला आठवडाभरात होते. मोटर उलट भूमिका घेते, जनरेटर बनते आणि गाडीच्या गतीतली ऊर्जा बॅटरीत परत टाकते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा थोडक्यात रीजेन म्हणतात. पण बॅटरी पूर्ण भरलेली किंवा गार असेल तर हाच परिणाम कमी होतो, कधी जवळजवळ नाहीसा होतो. असं का होतं, हे अल ऐनजवळच्या जबल हफीतच्या रस्त्यावर छान समजतं.

हा वळणावळणाचा रस्ता सुमारे 12 किलोमीटर लांब आहे. हिशेबासाठी उतार 1,000 मीटरचा धरू आणि माणसांसह गाडीचं वजन 2,000 किलो. 2000 × 9.8 × 1000 म्हणजे जवळपास 2 कोटी जूल. विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे 5.4 युनिट. साधारण एक युनिट टायरच्या आणि हवेच्या विरोधात जातं. उरलेली सव्वाचार-साडेचार युनिट कुठेतरी गेलीच पाहिजेत, नाहीतर गाडीचा वेग वाढत जाईल. रीजेन चालू असेल तर त्यातली तीन-साडेतीन युनिट बॅटरीत जमा होतात.

आता समजा, तुम्ही वरच्या हॉटेलात रात्रभर गाडी चार्ज करून सकाळी 100 टक्के घेऊन निघालात. बॅटरीच्या दृष्टीने रीजेन आणि चार्जिंग यात फरक नाही. दोन्हींत बाहेरून विद्युतप्रवाह आत ढकलला जातो. निकेलयुक्त लिथियम-आयन सेलची मर्यादा साधारण 4.2 व्होल्ट असते. पूर्ण भरलेला सेल आधीच त्या मर्यादेला टेकलेला असतो. जोरात प्रवाह ढकलला तर व्होल्टेज मर्यादेपलीकडे जाईल आणि सेल खराब होऊ लागेल. म्हणून बॅटरी सांभाळणारी यंत्रणा रीजेन रोखते. साडेतीन युनिटना जागाच नाही!

मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. साडेचार युनिट उष्णता म्हणजे नळाचं 50 लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी. ताशी 60 किलोमीटर वेगाने हा उतार 12 मिनिटांत संपतो, म्हणजे तेवढ्या वेळात ब्रेकच्या चकत्यांना ही उष्णता हवेत सोडायची असते. त्या फार तापल्या तर पॅडची पकड कमी होते, जळका वास येतो आणि ब्रेक जास्त दाबावा लागतो. आपल्याकडचे ट्रकचालक घाट उतरताना खालचा गिअर टाकतात, पण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना तो नसतोच. B लिहिलेला मोडही इथे फारसा उपयोगी नाही, कारण तो फक्त रीजेन वाढवतो आणि रीजेनच अडलेलं असतं.

पायथ्याशी 100 टक्के असेल तर मात्र काळजी नाही. चढताना सुमारे सात युनिट खर्च होतात, त्यामुळे उतरताना जागा तयार असते. अडचण फक्त वर चार्ज केल्यावर येते. 60 युनिटच्या बॅटरीला साडेतीन युनिट म्हणजे सुमारे सहा टक्के. शिवाय शेवटच्या काही टक्क्यांत रीजेन आधीच कमी झालेलं असतं. म्हणून वर 85 टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवा.

थंडीचं कारण वेगळं आहे. तिथे जागा असते, पण वाट अरुंद होते. चार्ज होताना लिथियमचे आयन ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. गारठ्यात त्यांचा वेग मंदावतो. घाईने ढकलले तर ते आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. त्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो. दुबईत हा प्रश्न क्वचितच येईल. पण रास अल खैमाच्या जबल जैसवर जानेवारीत रात्र काढून पहाटे उतरायला निघालात, तर निम्मी रिकामी बॅटरीसुद्धा रीजेन कमी घेऊ शकते. गाडीत बॅटरी आधी गरम करण्याची सोय असेल तर निघण्यापूर्वी ती वापरा.

हे ओळखायचं कसं? अनेक गाड्या पडद्यावर रीजेन मर्यादित असल्याची सूचना देतात. टेस्लामध्ये पॉवरच्या पट्टीवर ठिपके दिसतात. काही गाड्या कमी पडलेलं रीजेन साध्या ब्रेकने स्वतःच भरून काढतात, त्यामुळे पायाला फरक जाणवत नाही, पण चकत्या तापतच असतात. इतर गाड्यांत पाय उचलूनही गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधी, सपाट आणि रिकाम्या जागी एकदा ॲक्सिलरेटर सोडून बघा. गाडी नुसतीच घरंगळत राहिली, तर वेग सुरुवातीपासून कमी ठेवा. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नका. थोडा वेळ ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा आणि चकत्यांना वारा लागू द्या.