आहेराची वही तक्त्यात उतरवताना

मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून आहेर लिहून घेणारा माणूस माणसं येतील तशी नावं मांडत जातो. पण वही लागते ती पुढे, निमगावच्या शिंद्यांच्या घरचं लग्न निघालं की. त्यांनी आपल्याला किती केलं होतं, हे शोधायला मग चाळीस पानं उलटावी लागतात. ती वही एकदा संगणकावर नीट उतरवली, की हा शोध क्षणात लागतो.

एका आहेराला एकच ओळ द्यायची. पहिला रकाना वहीतल्या अनुक्रमांकाचा. तो असला की केव्हाही मूळ क्रम परत लावता येतो. साडी, भांडं यांसाठी वेगळा रकाना ठेवावा, रकमेच्या रकान्यात फक्त आकडा. वहीत गाव एकदाच लिहून खाली ‘—॥—’ केलेलं असतं. तक्त्यात मात्र गाव दर ओळीत पूर्ण लिहायचं, कारण क्रम बदलला की ती खूण कुणाच्या खाली येईल याचा भरवसा नाही. नावाआधी ‘श्री.’ लावलं तर सगळेच ‘श’च्या खाली गोळा होतात, म्हणून ते गाळावं.

नमुन्याचं एक पान घेऊ:

| A क्र. | B नाव | C गाव | D रक्कम |
|---|---|---|---|
| 1 | शिंदे | वडगाव | 501 |
| 2 | जाधव | निमगाव | 251 |
| 3 | कदम | वडगाव | 1001 |
| 4 | मोरे | निमगाव | 101 |
| 5 | पवार | वडगाव | 501 |
| 6 | शिंदे | निमगाव | 201 |

शीर्षकाची ओळ पहिली धरली, तर पानाची आणि वडगावची बेरीज अशी:

```
=SUM(D2:D7)
=SUMIF(C2:C7,"वडगाव",D2:D7)
```

उत्तरं २५५६ आणि २००३. पहिलं उत्तर वहीतल्या पानाच्या बेरजेशी ताडून पाहायचं. समजा २०५५ आलं, तर फरक नेमका ५०१. म्हणजे ५०१च्या दोन ओळी आधी तपासायच्या. पवारांच्या ओळीत ‘501 रु.’ लिहिलेलं सापडतं. ‘रु.’मुळे संगणक तो मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. असा मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो, खरे आकडे उजवीकडे राहतात. त्यावरून चूक ओळखता येते. उलट बेरीज फुगली, तर ‘मागील पानावरून’ची रक्कम आहेर म्हणून टाइप झाली आहे का, ते पाहावं.

पानागणिक मेळ बसला की मगच क्रम लावायचा. त्यासाठी शीर्षकासकट सगळा तक्ता निवडावा आणि आधी गाव, मग नाव असा क्रम द्यावा. फक्त नावांचा रकाना निवडून क्रम लावला, तर नावं हलतात, रकमा जागच्या जागी राहतात आणि एकाचा आहेर दुसऱ्याच्या नावावर जातो. एकूण बेरीज मात्र बदलत नाही, त्यामुळे ही चूक बेरजेवरून कधीच कळत नाही. म्हणून क्रम लावल्यावर चार-पाच ओळी अनुक्रमांकावरून वहीशी पडताळाव्यात. निमगावच्या शिंद्यांपुढे सहावा क्रमांक आणि २०१ दिसले, की तक्ता जमला.